आठ गाणी तयार आहेत, आता अल्बम की एकेक गाणं?

नव्या कलाकाराने आठही गाणी एकाच दिवशी सोडू नयेत, असं माझं ठाम मत आहे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी एका वेळी एकच अप्रकाशित गाणं पाठवता येतं, तेही प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी. म्हणजे अल्बममधल्या उरलेल्या सात गाण्यांची ती संधी गेलीच. शिवाय २०२४पासून तिथे वर्षभरात हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधन मिळत नाही. थोडेच श्रोते आठ गाण्यांत विभागले, तर हा फटका बसतो.

म्हणून दर सहा आठवड्यांनी एक, अशी चार गाणी आधी सोडावीत आणि मग आठांचा अल्बम काढावा. मात्र अल्बममध्ये टाकताना त्या चारही गाण्यांचा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, जुनाच द्यायचा. ऑडिओ फाइल आणि नावही तेच. तरच आधीचे आकडे सोबत येतात. वितरकाच्या फॉर्ममध्ये ती जागा रिकामी सोडली, तर नवा क्रमांक पडतो आणि मोजणी शून्यापासून सुरू होऊ शकते. मिक्स बदललं असेल, तर ते वेगळं ध्वनिमुद्रण ठरतं.

गाणी एकाच कथेत गुंफलेली असतील, तर मात्र ती तोडू नयेत.