फिट आहे, पण कोणत्या तारखेपासून?

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ एमआयडीसीत पहिल्या पाळीची बस गेटवर लागली की टाइम ऑफिसच्या खिडकीशी गर्दी होते. कुणाचं पंचिंग उठलेलं नसतं, कुणाचं ओळखपत्र घरी राहिलेलं असतं. त्या गर्दीत एखादा माणूस बाजूला उभा राहतो. चेहरा उतरलेला, शर्ट अंगावर सैल झालेला आणि हातात दोनदा घडी घातलेला कागद. आजारपणानंतर कामावर परत आलेला कामगार असाच ओळखू येतो. हजेरी आणि रजेच्या फायली माझ्याकडे असल्यामुळे तो कागद सर्वांत आधी मी उलगडतो.

लोकांना वाटतं, मी आजाराचं नाव वाचतो. मी वाचतो तारखा. कोणत्या तारखेला तपासलं, कोणत्या तारखेपर्यंत विश्रांती दिली आणि कोणत्या तारखेपासून काम करायला हरकत नाही. या तीन तारखांच्या मध्ये एकही दिवस उघडा राहिला, तर तो दिवस मस्टरवर बिनपगारी म्हणून येऊन बसतो, आणि मग महिनाअखेरीला तोच माणूस पगाराची चिठ्ठी घेऊन खिडकीशी उभा असतो.

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमधलं रिंग फ्रेमवरच्या एका सायडरचं प्रकरण सांगतो. शनिवारी, २ तारखेला त्याला ताप भरला. पावसाळ्यातला ताप म्हणून त्यानं मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि अंगावर काढला. रविवार सुटीचा. सोमवारी, ४ तारखेला तो कामगार विम्याच्या दवाखान्यात गेला. रक्त तपासलं, टायफॉइड निघाला, आणि त्या दिवशीचा पहिला दाखला त्याला मिळाला. पुढचा दाखला ११ तारखेचा. विम्याचा डॉक्टर एकदम पंधरा दिवस लिहून देत नाही. साधारण आठवड्याला पुन्हा तपासतो आणि मधला दाखला देतो. शेवटी काम करण्याजोगा झाला असं वाटलं की अंतिम दाखला. हे सगळे एकाच छापील फॉर्मवर येतात, फॉर्म ७ वर, आणि तो पहिला आहे, मधला आहे की अंतिम, हे त्यावर नमूद असतं. गेटवर सर्वाधिक गोंधळ होतो तो इथेच.

१८ तारखेला, सोमवारी सकाळी तो पहिल्या पाळीला डबा घेऊन हजर. हातात ११ तारखेचा कागद.

‘‘भाऊ, हा मधला दाखला आहे,’’ मी म्हटलं.

‘‘मंग? ताप त उतरला न साहेब. चार दिवस झाले, आंगात कणकण नाई. घरी बसून काय करू?’’

‘‘डॉक्टरनं फिट लिहिलंय का?’’

‘‘मी सोता सांगून रायलो न फिट हाय म्हनून!’’

माणूस खोटं बोलत नव्हता. पण त्याला त्या दिवशी आत घेतलं असतं, तर त्याचंच नुकसान झालं असतं. आजारपणाच्या लाभासाठी त्यानं फॉर्म ९ भरून दावा केला, की विमा कार्यालय आमच्याकडे विचारणा करतं: अमुक ते अमुक या दिवसांत हा माणूस कामावर होता का, त्याला त्या दिवसांचा पगार दिला का? ही गैरहजेरीची पडताळणी. विम्याकडे ‘आजारी’ आणि आमच्या मस्टरवर ‘हजर’ असा एक जरी दिवस निघाला, तरी दावा अडकतो, आणि संशय कामगारावर येतो. शिवाय मशीनवर चक्कर येऊन पडला, तर फिट नसलेल्या माणसाला कामावर घेतलंच कसं, याचं उत्तर कंपनीकडे नसतं.

त्याला दवाखान्यात परत पाठवलं. दुपारी तो अंतिम दाखला घेऊन आला. तपासणी १८ ऑगस्टची, कामावर जाण्यास योग्य १९ ऑगस्टपासून. आता हिशेब बसला.

हिशेब असा. विम्याचा लाभ सरासरी दैनिक पगाराच्या ७० टक्के मिळतो. ही सरासरी चालू महिन्याच्या पगारावरून काढत नाहीत. जुलै ते डिसेंबरमध्ये आजारी पडलात, तर आधीच्या ऑक्टोबर ते मार्चचा पगार धरतात, आणि त्या सहा महिन्यांत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. नुकताच लागलेला पोरगा आजारी पडला की त्याला लाभ का मिळत नाही, याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं. आमच्या सायडरची सरासरी दिवसाला ६०० रुपये होती, म्हणजे लाभ ४२० रुपये रोज. दाखल्यांनी झाकलेले दिवस ४ ते १८ ऑगस्ट, एकूण पंधरा. पहिल्या दोन दिवसांचा लाभ मिळत नाही. पंधरा दिवसांच्या आत तोच माणूस पुन्हा आजारी पडला तर ही दोन दिवसांची कपात पुन्हा होत नाही, पण ही त्याची पहिलीच खेप होती. राहिले तेरा. त्यातला १५ ऑगस्ट पगारी सुटीचा. त्या दिवसाचा पगार कंपनीनं दिला, म्हणून विमा देत नाही. एकाच दिवसाचे दोन पैसे नाहीत, हा नियम पक्का. राहिले बारा दिवस. बारा गुणिले ४२०, म्हणजे ५,०४० रुपये.

आणि २ तारखेचा शनिवार? तो कोणत्याच दाखल्यात नाही. डॉक्टरनं ज्या दिवशी तपासलं, तिथून दाखला सुरू होतो. ‘दोन दिवस आधीपासून ताप होता’ हे ऐकून डॉक्टर मागची तारीख टाकत नाही, टाकूही नये. मग तो शनिवार आणि लाभ न मिळणारे ४ आणि ५ ऑगस्ट असे तीन दिवस त्याच्या शिल्लक रजेतून भागवायचे. पण रजा आपोआप लागत नाही. कामगारानं मागावी लागते, आणि ती मागण्याची जागा म्हणजे रुजू होतानाचा अर्ज. बहुतेक लोक दाखला देतात आणि समजतात, झालं. दाखला डॉक्टरचं म्हणणं सांगतो. तुमचं म्हणणं अर्जात येतं.

त्याचा अर्ज आम्ही खिडकीपाशीच लिहिला:

‘‘प्रति, मनुष्यबळ अधिकारी. विषय: आजारपणाच्या रजेनंतर कामावर रुजू होणेबाबत. महोदय, मी रिंग फ्रेम विभागात सायडर म्हणून काम करतो. आजारपणामुळे दि. २ ते १८ ऑगस्ट २०२५ या काळात कामावर येऊ शकलो नाही. दि. ४ ते १८ ऑगस्टचे कामगार विमा दवाखान्याचे दाखले सोबत जोडले आहेत. अंतिम दाखल्यानुसार मी दि. १९ ऑगस्टपासून कामासाठी योग्य आहे व त्याच दिवशी पहिल्या पाळीत रुजू होत आहे. दि. २, ४ व ५ ऑगस्ट हे तीन दिवस माझ्या शिल्लक पगारी रजेतून मंजूर करावेत, ही विनंती.’’

खाली सही, टोकन नंबर, तारीख. एवढंच. आजाराचं वर्णन यात नाही, आणि ते लागतही नाही. ‘आपल्या कृपेने माझी तब्येत आता ठणठणीत आहे’ असली वाक्यं मी खोडायला सांगतो. साहेबाच्या कृपेनं टायफॉइड जात नाही.

ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांच्या वर आहे ते बहुधा विम्यात नसतात. ते खासगी डॉक्टरचा दाखला आणतात. हे दाखले तपासायला जड. लेटरहेडवर ‘विश्रांतीची गरज आहे’ एवढी एक ओळ आणि गोल शिक्का. खरं तर डॉक्टरांसाठी याचा नमुना ठरलेला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेला जोडलेल्या परिशिष्टात तो दिला आहे. रुग्णाची सही किंवा अंगठा, ओळखीची खूण, आजार, किती दिवस आणि कधीपासून गैरहजेरी आवश्यक, आणि खाली वेगळा मजकूर, की प्रकृती सुधारल्यामुळे आता कामावर रुजू होण्यास योग्य. ‘डाव्या गालावर तीळ’ असं दाखल्यात वाचून लोक हसतात. पण दाखला नेमका त्याच माणसाचा आहे, हे त्यावरूनच कळतं. अशा दाखल्यांची नोंदवही आणि प्रत डॉक्टरनं स्वतःकडे ठेवायची असते. म्हणून शंका आली, तर आम्ही कामगाराशी वाद घालत नाही. दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक पाहतो आणि दवाखान्यात नोंद आहे का, विचारतो. पोळा जवळ आला की आजारी माणसं वाढतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या आठवड्यातले दाखले जरा सावकाश वाचले जातात. पण त्यापायी खऱ्या आजाऱ्याला चोर ठरवू नये, असं माझं मत आहे.

सर्वांत अवघड दाखला म्हणजे ‘हलक्या कामासाठी योग्य’. रिंग विभागात हलकं काम कुठलं? तिथे धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली असते, आणि सायडरला पाळीभर फ्रेमच्या मधल्या गल्लीत फेऱ्या घालत तुटलेले धागे जोडावे लागतात. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाला हे झेपेल का, हे दवाखान्यातल्या डॉक्टरला दिसत नाही, कारण त्यानं गल्ली पाहिलेली नसते. म्हणून मी कामगाराला सांगतो, डॉक्टरपुढे ‘कंपनीत काम करतो’ असं म्हणू नका. आठ तास उभं राहतो, दमट गरमीत फिरतो, आठवड्याआड रातपाळी येते, असं सांगा. मग डॉक्टर ‘पहिले दहा दिवस रातपाळी नको’ असं नेमकं लिहू शकतो, आणि ते आम्हाला पाळता येतं. ‘हलकं काम’ पाळता येत नाही.

हाच टायफॉइड अकोल्याच्या एखाद्या दालमिलमधल्या माणसाला झाला, तर प्रश्न वेगळा होतो. तिथे तो खाद्यपदार्थ हाताळतो. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांत अशा कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी सांगितली आहे, आणि अन्नातून पसरणारा आजार असेल तर त्याला माल हाताळू द्यायचा नाही. टायफॉइडचे जंतू ताप उतरल्यावरही काही जणांच्या शौचातून पडत राहतात. म्हणून तिथे ‘अशक्तपणा गेला’ एवढ्या दाखल्यानं भागत नाही. खाद्यपदार्थ हाताळण्यास योग्य, असं स्पष्ट लिहून आणावं लागतं. आमच्याकडे सूत निघतं, तिथे ताटातली डाळ. अर्जात आजाराचं नाव लिहिण्याची गरज असते ती अशाच ठिकाणी.

आमचा सायडर १९ तारखेला पहिल्या पाळीत रुजू झाला. तीन दिवसांची रजा मंजूर झाली, विम्याचे पैसे पुढे त्याच्या खात्यात आले. अर्ज देताना मी त्याला एक करायला लावलं होतं, तेच तुम्हालाही सांगतो. अर्ज आणि दाखले यांची झेरॉक्स काढा, त्यावर ‘मिळाले’ असा शिक्का, सही आणि तारीख घ्या, आणि तो कागद पगार हातात पडेपर्यंत फेकू नका.