परीक्षकाचा शेरा मराठीत, उत्तर इंग्रजीत

शोधनिबंध नियतकालिकाकडे गेला की संपादक तो सहसा दोन किंवा तीन परीक्षकांकडे पाठवतो. त्यांचे शेरे संपादकाच्या पत्रासोबत येतात आणि बहुतेक वेळा ‘मेजर रिव्हिजन’ किंवा ‘मायनर रिव्हिजन’ असा निर्णय कळवला जातो. संशोधकाचा विषय पक्का असला, तरी इंग्रजी शेऱ्यांतला रोख त्याला हुकू शकतो. अशा वेळी सहकारी किंवा अनुवादक ते शेरे मराठीत आणून देतो आणि पुढे उत्तराचा मसुदाही इंग्रजीत करतो.

अनुवादाची पहिली पायरी म्हणजे शेरे सुटे करणे. एका परिच्छेदात परीक्षकाने तीन गोष्टी विचारलेल्या असतात. त्यांतली एखादी अनुत्तरित राहिली, तर दुसऱ्या फेरीत तीच पुन्हा समोर येते. म्हणून प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक द्यावा.

त्यानंतर येतो शेऱ्याच्या वजनाचा प्रश्न. परीक्षकांची इंग्रजी आडवळणाची असते. ‘द ऑथर्स मे विश टू...’ याचे ‘लेखकांना वाटल्यास’ असे शब्दशः मराठी केले, तर संशोधक ती सूचना ऐच्छिक समजून सोडून देतो. प्रत्यक्षात ती बहुधा अपेक्षा असते. ‘आय ॲम नॉट एन्टायरली कन्व्हिन्स्ड’ हा तर सरळ आक्षेप. अनुवादात मूळ सौम्यपणा ठेवावा आणि कंसात ‘हे करावेच लागेल’ किंवा ‘सूचना, बंधन नाही’ अशी टीप द्यावी. रेप्लिकेशन, कंट्रोल, सिग्निफिकन्स या संज्ञांना मराठी प्रतिशब्द शोधत बसू नये. संशोधक रोज त्याच वापरतो.

उदाहरणार्थ, गांडूळखताचा मातीवरील परिणाम तपासणारा एक काल्पनिक निबंध घेऊ. खत घातलेले तीन वाफे, न घातलेले तीन, आणि प्रत्येक वाफ्यातून मातीचे चार नमुने. तक्त्यात प्रत्येक गटापुढे n = 12 लिहिले आहे. परीक्षक म्हणतो, हा आकडा खऱ्या रेप्लिकेशनचा नसून उपनमुन्यांचा दिसतो. लेखकांनी विश्लेषणाचा पुनर्विचार करावा. वाचायला हा शेरा किरकोळ वाटतो, पण तो निबंधाच्या पायालाच हात घालतो. खत वाफ्याला घातले होते, म्हणून स्वतंत्र एकक वाफा. एकाच वाफ्यातले चार नमुने एकमेकांसारखे असणारच. या चुकीला ‘स्युडोरेप्लिकेशन’ हे नाव स्टुअर्ट हर्लबर्ट यांच्या 1984 मधील लेखामुळे रूढ झाले. अनुवादकाने इथे स्पष्ट लिहावे: ‘12 ऐवजी 3 धरून गणित पुन्हा करा, निष्कर्ष बदलू शकतो.’ टी-चाचणीत 5 टक्के पातळीवर 12-12 नमुन्यांना साधारण 2.07 चा उंबरठा पुरतो. 3-3 वाफ्यांना तो 2.78 होतो.

समजा, नव्या गणितात सेंद्रिय कर्बातला फरक सिग्निफिकंट राहिला नाही. उत्तर तरीही अवघड नाही. आधी परीक्षकाचा शेरा जसाच्या तसा उतरवावा. त्याखाली पहिल्या वाक्यात मुद्दा मान्य करावा, दुसऱ्यात काय केले ते सांगावे (प्रत्येक वाफ्याची सरासरी काढून n = 3 धरून चाचणी पुन्हा केली), तिसऱ्यात निकाल बदलल्याचे न लपवता लिहावे आणि शेवटी नव्या हस्तलिखितातील ओळींचे क्रमांक द्यावेत. ‘योग्य ते बदल केले आहेत’ एवढ्याने भागत नाही. परीक्षकाला बदल शोधत बसावे लागले की तो वैतागतो.

सभ्यतेच्या बाबतीत मराठी माणसाचा तोल बहुधा अतीकडे जातो. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात, मग प्रत्येक शेऱ्याला लांबलचक आभार. परीक्षक बहुधा निनावी असतो; ‘सर’ कोणाला म्हणायचे? आभार आरंभी एकदा पुरेत. पुढे ‘वी अग्री’, ‘वी हॅव रिव्हाइज्ड’ अशी छोटी, कर्तरी वाक्ये अधिक शोभतात.

असहमतीही सभ्यपणे मांडता येते. परीक्षक दुसऱ्या हंगामाचा प्रयोग मागतो आणि तो शक्य नसतो. तेव्हा मागणी रास्त आहे हे मान्य करावे, एका हंगामाची मर्यादा चर्चेच्या भागात लिहावी, आणि शीर्षकातला सर्वसाधारण दावा कमी करावा. परीक्षकाने चुकीचे वाचले असेल, तर तसे न म्हणता ‘आमची मांडणी अस्पष्ट होती’ असे लिहून ते वाक्यच बदलावे; परीक्षक अडखळला तिथे इतर वाचकही अडखळणारच.

दोन परीक्षक परस्परविरोधी मागण्या करत असतील, तर लेखकांनी कोणती बाजू घेतली आणि का, ते संपादकाला लिहिलेल्या पत्रात सांगावे. अंतिम निर्णय त्याचाच असतो. मसुदा तयार झाल्यावर अनुवादकाने तो संशोधकाला पुन्हा मराठीत समजावून द्यावा, कारण पाठवलेल्या प्रत्येक वाक्याची जबाबदारी लेखकाचीच राहते. मुदत अपुरी वाटली, तर ती संपण्याआधीच वाढ मागावी.