एका गावाचं एकच खातं

ऊसबिलाची यादी बँकेतून परत आली, तेव्हा तिच्यात एका गावच्या ३७ शेतकऱ्यांची नावं होती, ३७ निरनिराळ्या रकमा होत्या आणि खाते क्रमांक मात्र सगळ्यांचा एकच होता: 340100000000. साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्या मित्राने हे सांगितलं, तेव्हा मला पहिला वास आला तो घोटाळ्याचा. सहकाराच्या बाबतीत आपलं नाक तसं तयारच असतं. मित्र म्हणाला, "घोटाळा असता तर खातं कुणाचं तरी असतं. हे खातं कुणाचंच नाही." ते काय प्रकरण आहे हे बघायला मी कारखान्याच्या लेखा विभागात जाऊन बसलो.

गाळप जोरात होतं. खिडकी लावली तरी मळीचा आंबूस वास आत येतच होता आणि तिथल्या कुणालाच तो येत नव्हता. उसाची नोंद, तोड, काट्यावरचं वजन, कपाती आणि मग बिल, असा कागदांचा प्रवास इथे येऊन संपतो. शेवटची पायरी म्हणजे बँकेला पाठवायची फाइल. ती ज्या ताई बनवतात त्यांचं टेबल कोपऱ्यात आहे. टेबलावर पासबुकांच्या झेरॉक्सच्या चार बॉक्सफाइली आहेत आणि ताई त्या कुणाला हलवू देत नाहीत.

"बघा सर," असं म्हणून त्यांनी कोरी एक्सेल शीट उघडली आणि 00340100012345 असा क्रमांक टाइप केला. (हा बनावट, नमुन्यापुरता.) चौदा आकडे. पहिले चार शाखेचे, पुढचे दोन खात्याच्या प्रकाराचे, उरलेले खातेदाराचे. त्यांनी एंटर दाबलं आणि सेलमध्ये उमटलं 3.401E+11.

मी कॉलम रुंद करायला सांगितला. त्यांनी केला. काही फरक पडला नाही. "सगळे आधी हेच सांगतात," ताई म्हणाल्या.

झालं ते असं. सेलला काही सांगितलेलं नसलं की एक्सेल स्वतःच ठरवतं की आत काय आलंय. नुसते अंक दिसले की ती त्याच्या लेखी रक्कम. रकमेच्या डावीकडच्या शून्यांना किंमत नसते, म्हणून ती दोन शून्यं एंटर दाबताक्षणीच गेली. उरले बारा आकडे. या सर्वसाधारण मांडणीत एक्सेल अकरा आकड्यांपर्यंतचा पूर्णांक सरळ दाखवतं, बारावा आला की दहाच्या घातात लिहितं. 3.401E+11 म्हणजे ३.४०१ गुणिले दहाचा अकरावा घात. दहा आकडी मोबाइल नंबर म्हणूनच सुखरूप राहतो. त्याच्याआधी 91 लावलं की बारा होतात आणि त्याचंही असंच भजं होतं. पुण्याच्या लँडलाइनचं 020 तर नुसतं 20 होऊन बसतं.

इथपर्यंत नुकसान अर्धंच झालेलं असतं. ताईंनी सेलवर उजवं क्लिक करून Format Cells मध्ये Number निवडलं, दशांश शून्य केले आणि 340100012345 दिसलं. शून्यं परत आली नाहीत, पण बाकीचे बारा आकडे शाबूत होते. आत ते होतेच, फक्त दिसत नव्हते. एक्सेल एका संख्येचे पंधरा आकडे नेमके जपतं. काही बँकांचे खाते क्रमांक सोळा आकडी असतात. तो क्रमांक संख्या म्हणून टाकला तर सोळावा आकडा जाऊन तिथे शून्य येतं आणि तो मात्र कुठल्याही मांडणीने परत येत नाही.

मग ३७ जणांचं काय झालं? बँकेच्या पोर्टलला फाइल सीएसव्ही लागते. सीएसव्ही म्हणजे निव्वळ मजकूर, मध्ये स्वल्पविराम. तिच्यात कॉलम रुंद की अरुंद, संख्या की मजकूर, असलं काही साठवलेलं नसतं. त्या ३७ जणांची फाइल वेगळी होती, कारण सगळे एकाच शाखेचे खातेदार. ती बरोबर तयार झाली होती. पाठवण्याच्या दिवशी कळलं की शाखेचा आयएफएससी कोड बदललाय. नव्याने लागलेल्या मुलाने फाइलवर डबल क्लिक केलं, कोड बदलला, सेव्ह केलं, पाठवली. पाच मिनिटांचं काम.

डबल क्लिक केल्यावर एक्सेलने प्रत्येक खाते क्रमांकाची रक्कम केली आणि 3.401E+11 असा दाखवला. सेव्ह करताना, आणि सगळी मेख इथेच आहे, सीएसव्हीत आतली संख्या जात नाही, पडद्यावर दिसतं ते जातं. म्हणजे फाइलमध्ये अक्षरशः 3.401E+11 लिहिलं गेलं. पुढे ते वाचलं गेलं, तेव्हा त्याचं झालं 340100000000. शाखा एक, खात्याचा प्रकार एक, म्हणून सुरुवातीचे आकडे ३७ जणांचे सारखेच. माणसामाणसांत फरक करणारे आकडे शेवटी होते आणि नेमके तेच कापले गेले. गंमत अशी की त्याच ओळीतल्या आयएफएससी कोडमध्येही शून्यं असतात, पाचवं अक्षर तर नेहमीच शून्य असतं, पण सुरुवातीला चार अक्षरं असल्यामुळे एक्सेल त्याच्या वाटेला जात नाही.

नुसती फाइल उघडून बघितली आणि सेव्ह न करता बंद केली तर काही बिघडत नाही. पण ऑफिसात काम केलेल्या माणसाचा हात आपोआप सेव्हकडे जातो. त्या मुलाला मी दोष देणार नाही. त्याने सांगितलेलं काम बरोबर केलं होतं, जे बदललं ते त्याने बदललंच नव्हतं.

एनईएफटीत पैसे जमा होतात ते खाते क्रमांक बघून. रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे. नाव बरोबर असलं तरी बँक नावावरून खातं शोधून देत नाही. या क्रमांकाचं खातं नव्हतं म्हणून पैसे परत आले. असतं तर काय झालं असतं, यावर ताई बोलल्या नाहीत, नुसता कपाळाला हात लावला. परत आले हे नशीब, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने उशीर तो उशीरच. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, पुढे वर्षाला १५ टक्के व्याज. ३७ घरांनी त्या आठवड्यात सोसायटीचा हप्ता, किराणा, कुणाचं लग्न यांची तारीख पुढे ढकलली असणार. पडद्यावर त्यातलं काही दिसत नाही.

दुरुस्तीला काय लागलं? बॉक्सफाइली. मूळ फाइलीवर नवी सेव्ह झाली होती, त्यामुळे संगणकात खरे आकडे उरलेच नव्हते. ताईंनी ३७ पासबुकांच्या झेरॉक्स काढून एकेक क्रमांक पुन्हा भरला. नुसती शून्यं गेली असती तर एवढं करावं लागलं नसतं. बाकीचे आकडे जागेवर असले आणि त्या बँकेचा क्रमांक किती आकडी असतो हे पक्कं माहीत असलं, तर एका सूत्रात काम होतं:

```
=TEXT(A2,"00000000000000")
```

यात चौदा शून्यं आहेत, म्हणजे चौदाला कमी पडतील तेवढी शून्यं डावीकडे लागतात. पण आकडेच कापले गेले असतील तर हे सूत्र खोट्या क्रमांकाला नीटनेटकं करून देतं आणि तो आणखी खरा वाटायला लागतो. कॉलमची मांडणी नंतर Text करूनही गेलेलं येत नाही. मांडणी आधी करायची असते.

ताई ती आधीच करतात. कोऱ्या शीटवर खात्याचा कॉलम निवडून Text करायचा, मगच भरायला घ्यायचं. सीएसव्हीवर डबल क्लिक कधीच नाही: Data मधून From Text/CSV ने घ्यायची आणि Data Type Detection ला Do not detect data types निवडायचं. शेजारी एक जादा कॉलम:

```
=LEN(A2)
```

खाली सगळीकडे 14 आलं पाहिजे. एखाद्या ओळीत 12 दिसलं की तिथे शून्यं गेली. "चौदा म्हणजे चौदा," त्या म्हणतात. शेवटची खात्री नोटपॅडमध्ये, कारण नोटपॅड जे आहे ते दाखवतं, अंदाज करत नाही. त्यांची आणखी एक खूण सोपी आहे. आपण हात लावला नसेल तर मजकूर सेलच्या डाव्या कडेला चिकटतो आणि संख्या उजव्या. खाते क्रमांक उजवीकडे सरकलेले दिसले की थांबायचं.

मला सगळ्यात खटकला तो हिरवा कोपरा. खाते क्रमांक मजकूर म्हणून बरोबर ठेवला की एक्सेल त्या सेलच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण काढतं. तक्रार अशी: Number Stored as Text. त्यावर क्लिक केलं तर उपाय सुचवतं, Convert to Number. म्हणजे बरोबर असलेल्या सेलवर चुकीची खूण आणि ती मान्य केली तर खरोखरची चूक. उलट 340100000000 झालेल्या ३७ सेलांवर एकही खूण नव्हती. ती शीट स्वच्छ दिसत होती. नव्या मुलाला हिरवे त्रिकोण काढून टाकणं म्हणजे काम नीट करणं वाटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं?

मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये यावर सोय दिली. नव्या एक्सेलमध्ये File, Options, Data इथे Automatic Data Conversion खाली शून्यं न काढण्याची, लांब क्रमांक न कापण्याची सोय आहे. पण सुरुवातीला हे सगळे बदल चालूच ठेवलेले असतात आणि प्रत्येक संगणकावर वेगळे बंद करावे लागतात. ताईंनी स्वतःच्या संगणकावर ते बंद केलेत. कारखान्यातले बाकीचे संगणक जुन्या आवृत्तीचे आहेत, तिथे ही सोय सापडतच नाही.

माझं मत सरळ आहे. ज्याची बेरीज कुणी कधी करणार नाही, तो आकडा रक्कम नव्हे, मग तो खाते क्रमांक असो, मोबाइल असो की आधार. तो मजकूर म्हणूनच ठेवला पाहिजे, आणि ही जबाबदारी फाइल भरणाऱ्यावर न टाकता कोरा तक्ता बनवून देणाऱ्याने घेतली पाहिजे. तुमच्या संस्थेत, शाळेत, सोसायटीत अशी यादी असेल तर आज एकदा उघडून बघा. क्रमांक उजव्या कडेला असतील तर सेव्ह न करता बंद करा आणि पासबुकांच्या झेरॉक्स कुठे आहेत ते आधी विचारा.