हरभऱ्याला रायझोबियम लावताना

रायझोबियमचं पाकीट म्हणजे कोळशाच्या किंवा लिग्नाइटच्या भुकटीत वाढवलेले जिवंत जिवाणू. ते हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. पिकांच्या गटानुसार जिवाणू वेगळा असतो. सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही, म्हणून पाकिटावर हरभऱ्याचं नाव आहे ना, हे विकत घेतानाच पाहावं. अंतिम तारीखही तेव्हाच वाचावी.

घरी आणलेलं पाकीट पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये किंवा औषधांच्या डब्यांशेजारी ठेवू नये. उन्हाने आणि उष्णतेने जिवाणू मरतात. भुकटी मात्र तशीच काळी दिसते, त्यामुळे नुसतं पाहून काही कळत नाही. घरातली थंड, सावलीची जागा त्याला बरी.

एकरी 30 किलो बियाणं धरू. 10 किलोला 250 ग्रॅम या हिशेबाने तीन पाकिटं लागतील. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळून द्रावण पूर्ण गार करावं. ते गरम असतानाच भुकटी टाकली, तर जिवाणू तिथेच संपतात. गार द्रावणात भुकटी कालवून बियाण्यावर थोडी थोडी शिंपडावी आणि हलक्या हाताने चोळावी. जोर लावला की हरभऱ्याची साल निघते. सगळं द्रावण संपवायचा आग्रह नको. दाण्यावर पातळ काळा थर चढला आणि बियाणं ओलंगच्च झालं नाही, म्हणजे पुरे. मग ते सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावं.

खरी गफलत होते ती औषधांच्या क्रमात. मर रोगासाठी थायरमसारखं बुरशीनाशक लावायचं असेल, तर ते आदल्या दिवशी लावावं. कीटकनाशक असेल तर ते त्यानंतर. रायझोबियम सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर. औषध आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवले, तर जिवाणू वाचत नाहीत. तांबेयुक्त औषधं तर टाळावीतच. औषध लावलेल्या बियाण्याला रायझोबियमची मात्रा दीडपट ते दुप्पट घेणं शहाणपणाचं. बुरशीनाशकाऐवजी किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा वापरला, तर तो रायझोबियमबरोबर चालतो. युरियात मिसळून मात्र असं बियाणं कधीही पेरू नये.

फुलोऱ्याच्या सुमारास चार-पाच झाडं खुरप्याने मातीसकट काढावीत. उपटली तर गाठी जमिनीतच राहतात. मुळं पाण्यात हलवून धुवावीत आणि एखादी गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी-लाल असेल, तर ती नत्र धरते आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर नाही. जिथे दरवर्षी हरभरा होतो, तिथे जिवाणू जमिनीत आधीच असतात, म्हणून फरक थोडा दिसतो. पहिल्यांदाच हरभरा घेतलेल्या रानात तो ठळक दिसतो, म्हणून तिथे ही प्रक्रिया चुकवू नये.