खरखर एक, कारणं दोन

ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाआधी दुपारी साउंड चेक होतो, तेव्हा सभागृह रिकामं असतं. वादक आपापल्या जागेवर उभे राहून दोन-दोन ओळी वाजवतात, साउंडवाला मान डोलावतो आणि सगळे चहाला जातात. संध्याकाळी पडदा उघडतो, गिटारवाला स्टेजभर नाचायला लागतो, आणि स्पीकरमधून खर्रर्र येतं. गेली बरीच वर्षं मी मिक्सरवर बसतोय. अशा वेळी विंगेतून येणारं वाक्य ठरलेलं असतं : “दादा, वायरलेस गेला वाटतं!”

मागे एका कार्यक्रमात हेच झालं. गिटारवाला तरुण, उत्साही. पट्ट्याला पाठीमागे ट्रान्समीटर लावलेला. गिटारमधून निघालेली हातभर वायर या डबीत जाते आणि डबी तो आवाज रेडिओलहरींवरून रिसीव्हरकडे पाठवते. रिसीव्हर त्याच्या उजव्या विंगेत, लोखंडी कोपऱ्यांच्या पेटीमागे जमिनीवर ठेवला होता. ढोलकीवालाही उजवीकडेच बसला होता. जुगलबंदी आली की गिटारवाला त्याच्याकडे तोंड करायचा, आणि नेमक्या तेवढ्यातच आवाज फिसकटायचा. त्याला कळेना. “मी तर रिसीव्हरच्या समोर येतो, मग उलट चांगलं नको यायला?”

गफलत इथेच होती. तोंड रिसीव्हरकडे होतं, पण डबी पाठीवर होती. म्हणजे डबी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये अख्खा माणूस उभा होता. माणसाच्या शरीरात बराचसा भाग खारं पाणी असतं, आणि असं पाणी या रेडिओलहरी गिळून टाकतं. डबीची ताकद मुळातच थोडी. बहुतेक डब्या दहा ते पन्नास मिलीवॅटच्या असतात. त्यात शरीर आडवं आलं की पलीकडे पोहोचणारी शक्ती दहाव्या हिश्शावर, कधी तर शंभराव्या हिश्शावर येते. अँटेना अंगाला चिकटली असेल किंवा वळून खिशात कोंबली असेल तर आणखी वाईट. रिकाम्या सभागृहात भिंतींवरून परतलेल्या लहरी थोडीफार भरपाई करतात. संध्याकाळी खुर्च्या भरल्या की त्यातल्या बऱ्याच प्रेक्षकांच्या अंगात जिरतात, म्हणून दुपारची परीक्षा संध्याकाळी उपयोगी पडत नाही.

परतलेल्या लहरी नेहमी मदतच करतात असंही नाही. थेट आलेली लहर आणि भिंतीवरून आलेली लहर एकमेकींच्या विरोधात पडल्या, तर त्या ठिकाणी सिग्नल जवळपास नाहीसा होतो. ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या संचात एका लहरीची लांबी अर्धा मीटर असते, त्यामुळे अशा मेलेल्या जागा साधारण वीतभर अंतरावर सापडू शकतात. एक पाऊल सरकलं की आवाज येतो, परत मागे आलं की जातो. बऱ्या रिसीव्हरला दोन अँटेना असतात त्या यासाठीच. एक मेलेल्या जागेत सापडली तर दुसरी वाचते. दोन्ही इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या पसरून ठेवायच्या. एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर दोन असून एकच.

मध्यंतरात आम्ही रिसीव्हर पेटीमागून काढला आणि स्टँडवर डोक्याच्या उंचीला, वादक दिसेल असा ठेवला. डबी पाठीवरून सरकवून त्याच्या उजव्या कुशीला, पट्ट्यावर बाहेरच्या बाजूला लावली. तो ढोलकीकडे वळला तरी आता डबी पूर्ण झाकली जात नव्हती. फिसकटणं थांबलं. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. दुसऱ्या गाण्यात त्याने उडी मारली आणि पुन्हा : खर्र, कट्, खर्र!

मी रिसीव्हरच्या दिव्यांकडे पाहिलं. त्यावर दोन तक्ते असतात. आर.एफ.चा तक्ता रेडिओलहर किती जोरात येतेय ते दाखवतो, ए.एफ.चा तक्ता त्यातून निघालेला आवाज. खरखर होताना आर.एफ.चे सगळे दिवे भरून पेटलेले होते आणि ए.एफ.चा दिवा मात्र उसळ्या मारत होता. म्हणजे रेडिओचं काम ठीक चाललं होतं. खरखर डबीत शिरण्याआधीच तयार होत होती, आणि डबी ती इमानेइतबारे पुढे पाठवत होती.

कानालाही फरक कळतो. जुन्या पद्धतीच्या ॲनालॉग संचात लहर कमजोर पडली की आधी फस्स असा वाऱ्यासारखा आवाज येतो, मग रिसीव्हर स्वतःच आवाज बंद करतो. हे वादकाची जागा किंवा दिशा बदलल्यावर होतं. सैल जोड मात्र धक्क्याला बोलतो : उडी, झटका, वायरला बसलेला ताण. दोन्ही वेळा वादक हलत असतो, म्हणून दोन्ही दोष एकच वाटतात. ते वेगळे करायचे तर एका वेळी एकच गोष्ट हलवायची. आधी पिन आणि वायर हाताने घट्ट धरून वादकाला नुसतं गोल फिरू द्यायचं. मग त्याला स्थिर उभं करून पिन हळूच हलवायची, आणि नंतर वायरचं डबीकडचं टोक. शेवटी वायरलेस बाजूला ठेवून साधी केबल लावायची. केबलवरही खरखर आली, तर दोष गिटारमध्ये.

आमच्या गिटारवाल्याच्या बाबतीत तसंच निघालं. पिनेलाही आपण जॅक म्हणतो आणि ती जिथे शिरते त्या भोकालाही; इथे बिघडलं होतं ते भोक. बाहेरचा नट सैल झाला होता. असा नट सैल असला की पिन घालता-काढताना आतला अख्खा जॅक गोल फिरतो आणि मागच्या वायरी पिळत जातात. प्लेट उघडली तर सोल्डरपाशी एका वायरीचे दोनच धागे शिल्लक होते. पिनेच्या टोकाला धरणारी पत्तीही मागे वाकली होती. दुसऱ्या दिवशी वायर नव्याने सोल्डर केली, पत्ती हलकेच आत वळवली. नट आवळताना जॅक आतून बोटाने धरला, नाहीतर तो पुन्हा फिरून नवं सोल्डर तुटलं असतं. खाली दातेरी वॉशर टाकला, त्यामुळे नट सहजी सुटत नाही. पिनेची वायर गिटारच्या पट्ट्यातून एक वळसा देऊन डबीकडे नेली; धक्का बसला तर तो पट्टा सोसतो, पिनेवर येत नाही.

हल्ली स्वस्तातले छोटे संच निघालेत, ज्यात डबी थेट गिटारच्या भोकातच खुपसायची असते. ते बहुतेक डिजिटल आणि २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे. त्यांत लहर तुटली की फस्स होत नाही, आवाज सरळ गायब होतो. म्हणून अशा संचात खरखर ऐकू आली तर संशय आधी जोडावर घ्यावा. शिवाय डबीचं सगळं वजन त्या जॅकवर लोंबकळतं आणि तो लवकर सैल होतो. मध्ये छोटी केबल घालून डबी पट्ट्यावर अडकवली तर हा त्रास वाचतो. उलट, आवाज मधूनमधून गडप होत असेल, तर त्याच लहरींवर चालणारं सभागृहातलं वायफाय आणि प्रेक्षकांचे मोबाइल हेही संशयित आहेत.

तो गिटारवाला आजही आमच्याबरोबर असतो. त्याच्या पिशवीत आता एक छोटा पाना असतो, आणि साउंड चेकला तो एका जागी उभा राहत नाही. ढोलकीवाल्याकडे तोंड करून दोन उड्या मारतो, मगच चहाला येतो.