पेपर बंद केला, तरी बिल येतंय? मग पत्र लिहा

नववीच्या वर्गाला मागणीपत्र, तक्रारपत्र शिकवताना मी हल्ली घरातलंच उदाहरण घेते. आपल्या अकोल्या-अमरावतीकडे पेपर बंद करायचा म्हणजे सकाळी पेपर टाकणाऱ्या पोराला गेटावरूनच सांगायचं, "उद्यापासून नको टाकू." पोरगा टाकणं थांबवतो. पण बिल तो करत नाही, ते एजंटच्या वहीवरून होतं. वहीतलं नाव कोणी खोडलं नाही, तर महिनाअखेरीस पावती येतेच. मग आपण म्हणतो, "पोराले सांगतलं होतं ना बाप्पा!" आणि एजंट म्हणतो, "मले कुठं सांगतलं?" खोटं दोघंही बोलत नसतात. म्हणून पत्र जायला हवं ते एजंटच्या नावानं.

समजा, पेपर 5 रुपयांचा आहे. 10 जूनला शेवटचा अंक आला. एजंटनं जूनच्या 30 आणि जुलैच्या 31 अंकांचे मिळून 305 रुपये मागितले. देणं फक्त 10 अंकांचं, म्हणजे 50 रुपये. पत्र असं लिहावं:

दिनांक : 3 ऑगस्ट 2025
प्रति, पेपर एजंट (नाव, पत्ता)
विषय : पेपर बंद केल्याची नोंद व बिल दुरुस्तीबाबत
महोदय,
मी 10 जून 2025 रोजी पेपर टाकणाऱ्या मुलास पेपर बंद करण्यास सांगितले. 11 जूनपासून एकही अंक आलेला नाही. तरी जून व जुलैचे 305 रुपयांचे बिल आले आहे. 1 ते 10 जूनचे 50 रुपये सोबत देत आहे. उरलेले 255 रुपये रद्द करून माझे नाव वहीतून कमी करावे व 50 रुपयांची पावती द्यावी.
आपला/आपली,
(नाव, पत्ता, सही)

रागाचं एकही वाक्य यात नाही, पण तारखा आणि हिशेब आहे. पत्राच्या दोन प्रती काढा. एक एजंटला द्या, दुसरीवर "मिळाले" असं लिहून तारखेसह सही घ्या. सही देत नसेल तर पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा आणि तो मेसेज पुसू नका. नको असलेले अंक येतच असतील, तर ते न वापरता बाजूला ठेवा. वाचून रद्दीत घातले, तर पैसे नाकारायला तोंड राहत नाही.

केबलचंही असंच, फक्त तिथं सेट-टॉप बॉक्स असतो. तो केबलवाल्याचा असेल तर परत करा, बॉक्सचा नंबर पत्रात लिहा आणि परत दिल्याची वेगळी पावती घ्या. बंद करायची तारीख निदान पंधरा दिवस आधी कळवावी.

एवढं करूनही मागणी थांबली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन समेट घडवायचा प्रयत्न करते, निकाल देत नाही. निकाल हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथं दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दोन्हीकडे तुमच्याजवळची ती सही केलेली प्रतच कामी येते.