अंगठा म्हणजे होकार नव्हे: ऑफिसच्या चॅटमधले गैरसमज

ऑफिसच्या ग्रुपवर कुणी 👍 टाकला की काम मान्य झालं, असं धरलं जातं. हा सर्वांत पक्का गैरसमज. अंगठ्याचे किमान तीन अर्थ होतात: संदेश पाहिला, म्हणणं पटलं, किंवा काम करतो. पाठवणाऱ्याच्या मनात यांपैकी एक असतो आणि वाचणारा बहुतेकदा स्वतःच्या सोयीचा निवडतो.

हा फरक नोकरीपर्यंत पोचू शकतो. २०१८ मध्ये मेघालयात रेल्वे सुरक्षा दलाच्या एका अधिकाऱ्याची हत्या झाली. त्या हत्येबद्दलचा संदेश दलाच्या अधिकृत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला आणि एका जवानाने त्याखाली अंगठा टाकला. हत्येचा आनंद व्यक्त केला, असा वरिष्ठांनी अर्थ लावला आणि जवानाला सेवेतून काढलं. संदेश पाहिला एवढंच कळवायचं होतं, असं त्याचं म्हणणं होतं. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरून त्याला कामावर परत घेण्याचा आदेश कायम ठेवला. अंगठा हा ‘ओके’ ऐवजीही वापरला जातो, असं न्यायालयाने नोंदवलं.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात याच चिन्हाचा निकाल उलटा लागला. २०२१ मध्ये एका खरेदीदाराने ८६ टन जवसाच्या कराराचा फोटो फोनवर पाठवून ‘करार पक्का करा’ असं लिहिलं. शेतकऱ्याने अंगठा पाठवला, पण माल दिला नाही. करार मिळाल्याचं फक्त कळवलं होतं, असं त्याने सांगितलं. पण आधीच्या व्यवहारांत त्याने ‘ठीक आहे’ अशा एक-दोन शब्दांवर माल दिला होता. त्यामुळे २०२३ मध्ये न्यायालयाने अंगठा सहीसारखा मानला आणि ८२ हजार डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. दोन्ही ठिकाणी अर्थ चिन्हातून निघाला नाही. वरचा संदेश आणि आधीची वागणूक पाहून तो ठरवावा लागला.

दुसरा गैरसमज असा, की चिन्ह सगळ्यांना सारखंच दिसतं. युनिकोडमध्ये इमोजीला क्रमांक आणि नाव ठरवून दिलेलं असतं, चित्र मात्र प्रत्येक कंपनी आपलं काढते. त्यातही चित्र तेच असलं तरी एकमत होत नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात एकच चित्र पाहणाऱ्या दोघांचं ते चांगल्या, वाईट की तटस्थ भावनेचं, यावर सुमारे २५ टक्के वेळा एकमत झालं नाही.

‘गंमत होती हे कळतंच’ हा तिसरा आणि सर्वांत महागात पडणारा समज. उपरोध आवाजाच्या चढउतारातून कळतो आणि लिखाणात तोच गळून पडतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे मोजलं. वाक्य गंभीर आहे की उपरोधिक, हे ७८ टक्के वेळा कळेल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाज ऐकणाऱ्यांना ते ७३ टक्के वेळा ओळखता आलं, ई-मेल वाचणाऱ्यांना फक्त ५६ टक्के वेळा. नाणं उडवूनही ५० टक्के बरोबर येतात. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा सूर घुमत असतो, म्हणून त्याला ही उणीव जाणवत नाही.

शेवटी हसरा चेहरा जोडल्याने बोचरेपणा जात नाही. ‘वा, आज फारच लवकर रिपोर्ट आला 🙂’ या वाक्यात तो उलट टोमणा पक्का करतो. एरवी ‘तू’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याने अचानक ‘आपण कधी पाठवणार?’ असं विचारलं, तरी हेच होतं.

शब्दरचना कशी बदलायची, हे एका संदेशावरून पाहता येईल. टीमप्रमुख लिहितो: ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट क्लायंटकडे जायला हवा. आकडे कोण तपासणार? फॉरमॅट जुनाच चालेल ना?’ खाली चार अंगठे येतात. रिअ‍ॅक्शन पूर्ण संदेशाला लागते, त्यामुळे कोणत्या प्रश्नाला होकार मिळाला ते कळत नाही आणि आकडे कुणीच तपासत नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर रिअ‍ॅक्शन काढून घेतली तर ‘डिलीट केला’ अशी खूणही उरत नाही.

तोच मजकूर दोन संदेशांत विभागून, नाव घालून लिहावा: ‘नेहा, आकडे गुरुवारी दुपारी ४ पर्यंत तपासून देशील का? हो किंवा नाही लिहून कळव.’ फॉरमॅटचा प्रश्न वेगळा विचारावा. उत्तरही तितकंच स्पष्ट हवं: ‘हो, गुरुवारी ४ पर्यंत देते’ किंवा ‘वाचलं, उद्या सकाळी सांगते.’ उशिराबद्दल नाराजी असेल तर ती सरळ लिहावी: ‘रिपोर्ट काल अपेक्षित होता. कुठे अडलं?’ यात राग कमी आणि माहिती जास्त असते.

जुन्या सहकाऱ्यांत, चहाच्या बेतावर किंवा वाढदिवसाच्या शुभेच्छांवर अंगठे आणि हसरे चेहरे खुशाल वापरावेत. मृत्यू, चूक, पैसे, रजा आणि मुदत या विषयांवर मात्र शब्दच लिहावेत. टोमणा गेलाच असेल तर त्याखाली आणखी इमोजी न टाकता फोन करावा.